‘हो बाई, मीच’ हे उत्तर कुणी लिहिलं?

*“आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ६३ जणांचा. मी त्याची एक ॲडमिन. गेल्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास गणिताच्या सरांच्या नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला, ‘अर्जंट १८ हजार हवे आहेत, माझं यूपीआय चालत नाहीये, या नंबरवर टाका, उद्या सकाळी परत करतो.’ मी लगेच व्हॉट्सॲपवरूनच कॉल लावला. तो कट झाला आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ असं उत्तर आलं. म्हणून ग्रुपवर विचारलं, ‘सर, हा मेसेज तुमचाच ना?’ लगेच उत्तर, ‘हो बाई, मीच.’ त्यावर विसंबून दोघांनी पैसे पाठवले. संध्याकाळी सरांचा मुलगा म्हणाला, बाबांचं व्हॉट्सॲप सकाळपासून बंदच आहे. आता सगळे मलाच बोलतात की तू ॲडमिन असून सावध का केलं नाहीस. पण खात्री नसताना चारचौघांत ‘सरांचं अकाउंट हॅक झालंय’ असं लिहायचं कसं? ते खरंच अडचणीत असते तर? आणि खात्री करायची तरी कशी?”*
*— ॲडमिन बाई, मिरज*

बाई, तुमची चूक एकच झाली, आणि ती जवळपास सगळ्यांची होते. तुम्ही ज्याच्याबद्दल शंका होती त्यालाच विचारलंत. अकाउंट ज्याच्या हातात, ग्रुपही त्याच्या हातात. तुमचा प्रश्न सरांच्या फोनवर गेलाच नाही, तो गेला भामट्याच्या स्क्रीनवर, आणि त्याने हसत हसत ‘मीच’ म्हणून टाकलं. ज्या नंबरच्या व्हॉट्सॲपवरून पैसे मागितले गेले, त्याच व्हॉट्सॲपवरून आलेलं कुठलंही उत्तर पुरावा म्हणून शून्य धरायचं. लेखी असो, फोटो असो, नाहीतर ‘व्हॉइस मेसेज पाठवतो’ म्हणून पाठवलेला आवाज असो.

(निवृत्त गणित शिक्षक मंगळवारी दुपारी दोन वाजता कसल्या मीटिंगमध्ये असतील, हा प्रश्न ६३ शिक्षकांपैकी एकालाही पडू नये याची मात्र मला गंमत वाटली. घाईत आपलं सगळ्यांचं असंच होतं म्हणा.)

खात्री कशी करायची हे सांगण्याआधी अकाउंट जातं कसं ते थोडं बघू, कारण दोन प्रकार आहेत आणि त्यावर तुमची पुढची चाल ठरते.

पहिल्या प्रकारात भामटा स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकतो आणि सरांचा नंबर भरतो. सरांच्या फोनवर सहा आकडी कोड येतो. तो कोड काही ना काही बतावणी करून भामटा काढून घेतो. सगळ्यात जास्त चालणारी बतावणी म्हणजे आधीच हॅक झालेल्या एखाद्या ओळखीच्याच नंबरवरून आलेला मेसेज, ‘माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवता का?’ कोड दिला की सरांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडतं आणि तिकडे चालू होतं. तुमच्या सरांचं सकाळपासून बंद होतं, म्हणजे हा प्रकार झाला.

दुसऱ्या प्रकारात सरांच्या फोनवर सगळं जसंच्या तसं चालू असतं. भामटा त्यांच्याकडून एखादा क्यूआर कोड स्कॅन करून घेतो किंवा आठ अक्षरी जोडणी कोड टाकायला लावतो, आणि त्याचा लॅपटॉप सरांच्या अकाउंटला ‘Linked devices’मध्ये जोडला जातो. आपण कंप्युटरवर व्हॉट्सॲप वेब वापरतो तसंच हे. सरांना पत्ताही लागत नाही. त्यांनी फोन हातात घेतला तर आपल्या नावाने गेलेले मेसेज त्यांना दिसतील, पण दुपारी झोपलेला माणूस ते बघणार कधी? आणि भामटा मेसेज पाठवून ते लगेच पुसूनही टाकू शकतो.

या दोन प्रकारांतला फरक खात्रीच्या प्रश्नाला येऊन भिडतो. पहिल्या प्रकारात भामट्याला सरांच्या जुन्या गप्पा मिळत नाहीत. त्या सरांच्या फोनमध्येच राहतात. त्याला मिळते ती ग्रुपांची यादी आणि ग्रुपमधल्या लोकांचे नंबर. म्हणून तर तो ग्रुपवर येतो. सरांची फोनबुक बहुतेक वेळा त्याच्याकडे नसते, पण तुमच्या एका ग्रुपात त्याला ६३ पत्ते आयते सापडतात, तेही सरांना ‘सर’ म्हणणारे. दुसऱ्या प्रकारात मात्र जोडलेल्या लॅपटॉपवर जुन्या गप्पाही उतरतात. महिन्यांपूर्वीच्या. सहलीचा हिशोब, नातवाचं नाव, गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं, सगळं.

म्हणून ‘सर, आपली गेल्या वर्षीची सहल कुठे गेली होती?’ हा प्रश्न कुचकामी. त्याचं उत्तर तुमच्या ग्रुपातच फोटोंसकट पडलेलं आहे. विचारायचंच असेल तर जे कधीच कुठल्या चॅटमध्ये लिहिलं गेलेलं नाही ते विचारा. स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची कुठल्या खिडकीशी होती, शिपाईमामा त्यांना काय म्हणून हाक मारायचे, असलं काही. आणि तेही चॅटवर नाही, फोनवर. चॅटवरचा प्रश्न म्हणजे समोरच्याला विचार करायला वेळ देणं. तो ‘बाई, आत्ता थट्टेची वेळ आहे का?’ असं रागावून लिहील आणि तुम्हीच ओशाळून गप्प बसाल. हा राग खोटा असतो पण कामाचा असतो. वडीलधाऱ्या माणसाला संशयाने विचारलं याची आपल्याला इतकी लाज वाटते की त्या लाजेपोटी माणसं १८ हजार देऊन मोकळी होतात.

आता फोन. व्हॉट्सॲप कॉल आणि साधा कॉल यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हॉट्सॲप कॉल अकाउंटकडे जातो, म्हणजे भामट्याकडे. साधा कॉल सिमकार्डकडे जातो, आणि सिम सरांच्या खिशात आहे. तुम्ही त्या दुपारी फोनच्या हिरव्या बटणावरून सरांचा नंबर लावला असता तर बहुधा सरच ‘हॅलो’ म्हणाले असते आणि प्रकरण दोन मिनिटांत मिटलं असतं.

बहुधा म्हणते, कारण यातही एक मेख आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाच्या नंबरवरून मला असाच मेसेज आला. मी शहाणी, साधा फोन लावला. एका अनोळखी आवाजाने उचलला आणि म्हणाला, ‘तो बाथरूममध्ये आहे, पण हो, पैसे लागतायत, मी त्याचा मित्र बोलतोय.’ मी जवळजवळ पाठवलेच होते. थांबले ते केवळ एवढ्यासाठी की या मित्राच्या मागे रहदारीचा आवाज येत होता आणि आमचा भाऊ राहतो चौथ्या मजल्यावर, मागच्या गल्लीत. वहिनीला फोन केला तर भाऊ समोर बसून पोहे खात होता आणि त्याच्या फोनची रिंग वाजलीच नव्हती.

झालं असं होतं की सकाळी त्याला कुरिअरवाल्याचा म्हणून फोन आला. ‘पत्ता सापडत नाही, आमच्या डिलिव्हरी बॉयशी बोला, त्यासाठी हा कोड टाकून हा नंबर डायल करा.’ त्याने स्टार, आकडे आणि दहा आकडी नंबर असं काहीतरी डायल केलं. त्यामुळे त्याचे सगळे येणारे कॉल त्या परक्या नंबरवर वळवले गेले. मग भामट्याने व्हॉट्सॲपला सांगितलं की कोड एसएमएसने नको, फोन करून सांगा. तो फोनही वळून त्याच्याकडेच गेला. म्हणजे भावाने कुणालाही कोड सांगितला नव्हता, तरी अकाउंट गेलं. आणि खात्री करायला केलेले आमचे साधे कॉलही चोराच्याच कानात. असे कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवा, असं दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं. पण फोनच्या सेटिंगमधून कॉल वळवणं आजही शक्य आहे आणि फोनवर गोड बोलून कुणाकडूनही ते करून घेता येतं. त्यामुळे मी तरी हा रस्ता बंद झाला असं धरत नाही.

तेव्हा साध्या फोनवर आवाज ओळखीचा हवा. सरांचाच. मित्र, डॉक्टर, शेजारी, ‘सरांचा भाचा’ यांतलं कुणी बोललं तर खात्री झाली नाही असं समजायचं. फोन लागला नाही, बंद आला, कट झाला, तरी खात्री झाली नाही. मग घरच्या दुसऱ्या नंबरवर जायचं, म्हणजे सरांच्या बायकोला, मुलाला, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. तुमच्याच पत्रात मुलाचा नंबर संध्याकाळी सापडला, तो दुपारी हाताशी असता तर दोघांचे पैसे वाचले असते. तुम्ही शाळावाले आहात, एक हजेरीपट करा. कागदावर ६३ नावं आणि प्रत्येकापुढे घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर. ग्रुपवर टाकू नका, तीन-चार जणांच्या घरी प्रत राहू द्या.

एक तपासणी पैशांच्या बाजूनेही करता येते, आणि ती मला सगळ्यात आवडते कारण त्यात कुणाचा अपमान होत नाही. तुमच्यातल्या कुणी ना कुणी सरांना पूर्वी यूपीआयने पैसे दिलेले असणार, सहलीचे, निरोप समारंभाच्या वर्गणीचे. ते जुनं खातं सरांचंच आहे हे माहीत आहे. त्या दुपारी कुणी लिहिलं असतं की ‘सर, नवीन नंबर नको, तुमच्या नेहमीच्या खात्यावरच टाकतो’, तर खऱ्या सरांनी ‘बरं’ म्हटलं असतं. भामटा अडला असता. ते खातं गोठलंय, लिमिट संपलं, हॉस्पिटलच्या माणसाचाच नंबर आहे, असं काहीतरी सुरू झालं असतं. एवढ्यावर ओळखायचं. आणि साधा फोन लागेपर्यंत त्या नेहमीच्या खात्यावरही खरोखर पैसे टाकायचे नाहीत, कारण कधीकधी अख्खा फोनच त्यांच्या ताब्यात असतो. त्याबद्दल पुढे सांगते.

ज्यांनी पैसे पाठवले त्या दोघांना विचारा, पिन टाकण्याआधी स्क्रीनवर कुणाचं नाव आलं होतं? ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपला बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं, आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं लाडकं नाव नाही. म्हणजे त्यांना एक पूर्ण अनोळखी नाव दिसलं असणार. त्यांनी ते वाचलं असेल आणि ‘सरांच्या ओळखीचं कुणी असेल’ म्हणून पुढे गेले असतील, कारण मेसेजमध्येच ‘माझं चालत नाही’ ही पळवाट आधीच करून ठेवली होती. ते वाक्य सहज आलेलं नव्हतं. अख्खा मेसेज त्या एका वाक्यासाठी असतो. काही जण ‘आधी एक रुपया पाठवून बघतो’ म्हणतात. त्याने खातं चालू आहे एवढंच कळतं, ते कुणाचं आणि कशासाठी हे कळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, खात्री नसताना लिहायचं काय. बाई, तुम्ही ‘हॅक झालंय’ असं लिहायचंच नाही. ते तुम्हाला माहीत नाही. जे माहीत आहे तेवढंच लिहा. मागणी आली आहे, सरांशी बोलणं झालेलं नाही, तोवर थांबा. यात सर खरे असले तरी त्यांना राग येण्यासारखं काही नाही आणि खोटे असले तर पैसे वाचतात. मी असं लिहिलं असतं :

“आज दुपारी २ पासून गणिताच्या सरांच्या नंबरवरून पैशांची मागणी येत आहे. सरांशी साध्या फोनवर अजून बोलणं झालेलं नाही. बोलणं होऊन मी इथे कळवेपर्यंत कुणीही पैसे पाठवू नका. त्या नंबरवरून तुम्हाला स्वतंत्र मेसेज आला तर उत्तर देऊ नका. कोड मागितला तर देऊ नका, लिंक किंवा फाइल आली तर उघडू नका. कुणी पैसे पाठवले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग मला. मलाही साधाच फोन करा.”

शेवटच्या ओळींत कोडाचा उल्लेख मुद्दाम आहे. १८ हजार हे भामट्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे सरांच्या नावावर पुढचं अकाउंट मिळवणं. ज्या दिवशी सरांच्या नंबरवरून पैसे मागितले जात होते त्याच दिवशी, पैसे न देणाऱ्यांपैकी कुणाला तरी ‘माझा कोड तुमच्याकडे आलाय’ असा खाजगी मेसेज गेला असण्याची दाट शक्यता आहे. आज विचारून घ्या. कुणी दिला असेल तर पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या बाई पैसे मागतील. फाइलचंही तसंच. आपल्याकडे सध्या लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून .apk अशी शेपटी असलेली फाइल फिरते. ते कागद नसतं, ॲप असतं. उघडून इन्स्टॉल केलं की फोनवर येणारे एसएमएस परस्पर वाचले जातात, म्हणजे व्हॉट्सॲपचाच काय, बँकेचाही कोड गेला. ‘अख्खा फोन ताब्यात’ म्हणतात तो असा.

हा मेसेज टाकण्याआधी तीस सेकंदांची दोन कामं आहेत. सरांच्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि पैसे मागितलेला नंबर दिसेल असा. आणि त्या नंबरला ग्रुपमधून काढा. सर तुमच्यासारखेच ॲडमिन असतील तर हे आणखी तातडीचं, कारण मग भामटाही ॲडमिन आहे आणि तो तुम्हालाच काढू शकतो. काढण्याआधी सूचना टाकली तर ती तोही वाचतो आणि त्याच क्षणी खाली लिहितो, ‘गैरसमज झालाय, मीच आहे, नंतर सांगतो.’ वाचणारे ६३ जण मग दोन मतांत विभागतात. सरांना काढल्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सरांना नाही, एका नंबरला काढताय, आणि घरी फोन करून तसं सांगता येतं.

मग तो मूळ मागणीचा मेसेज ॲडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट करा. संध्याकाळी भाजी घेऊन घरी आलेला माणूस ग्रुप वरून खाली वाचत येतो. त्याला आधी मागणी दिसते आणि तो भला माणूस पुढचं न वाचताच पैसे पाठवतो. तुमची सूचना पिन करा. आणि तासाभरासाठी ग्रुपची सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा. नाहीतर ‘अरे बापरे’, ‘काळजी घ्या’, हात जोडलेली पन्नास चित्रं आणि कुणीतरी टाकलेला सायबर गुन्ह्यांवरचा लांबलचक फॉरवर्ड, यांच्याखाली तुमची सूचना गाडली जाते.

एवढं करूनही काम संपत नाही, कारण ग्रुपमधून काढलेला नंबर एकेकाला खाजगीत गाठू शकतो. यादी त्याने आधीच पाहिली आहे. आणि तुमच्या ग्रुपात निम्मे तरी दिवसातून एकदाच व्हॉट्सॲप उघडणारे असतील. तिथे फोनच लागतात. चौघांनी पंधरा-पंधरा नावं वाटून घेतली की वीस मिनिटांत होतं. एकटं राहणाऱ्यांना आणि सरांच्या जवळच्यांना आधी करा. भामटा मोठी रक्कम मागतो ती अशांकडेच.

सरांच्या बाजूने काय करायचं तेही सांगते, कारण बहुतेक घरी क्रम चुकतो. मुलाला म्हणावं, आधी कॉल वळवलेले आहेत का ते बघ. फोनवरून *#21# डायल केलं की कळतं, आणि ##002# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. या कोडांनी काही झालं नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये Call forwarding शोधून बंद कर, किंवा कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन कर. हे आधी केलं नाही तर पुढचं सगळं पाण्यात, कारण नवा कोडही चोराकडेच जाईल. एखादं अनोळखी ॲप टाकलं गेलं असेल तर तेही आधी काढायचं. तो फोन इंटरनेटपासून तोडायचा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवायचं.

मग सरांच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून त्यांचाच नंबर भरायचा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की भामटा त्या क्षणी बाहेर फेकला जातो. इथे लोक घाबरतात, कारण त्यानंतर कधीकधी आणखी एक सहा आकडी पिन मागितली जाते, जी सरांनी कधी ठेवलेलीच नसते. ती चोराने ठेवलेली असते. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं आणि मग पिनशिवाय आत जाता येतं. ते सात दिवस सरांना व्हॉट्सॲप नसतं, पण चोरालाही नसतं. कोड बरोबर पडला तेव्हाच त्याचा खेळ संपलेला असतो. उगीच पिन अंदाजाने टाकत बसू नये. आत गेल्यावर ‘Linked devices’ उघडून अनोळखी जे असेल ते लॉग आउट करायचं आणि ‘Two-step verification’ मध्ये स्वतःची पिन ठेवायची. ती जन्मतारीख नको. गणिताचे सर आहेत, सुचेल काहीतरी.

ज्या दोघांचे पैसे गेले त्यांनी मंगळवारीच १९३० वर फोन करायला हवा होता. आज आठवडा होत आला असला तरी करावाच. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि तिथे जे शिल्लक असेल ते अडवलं जातं. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत नेतात, म्हणून पहिल्या काही तासांत मिळण्याची आशा जास्त आणि दिवस जातील तशी कमी. फोन करताना यूपीआय ॲपमधून त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक काढून ठेवा, सोबत तारीख, वेळ, रक्कम आणि कुणाच्या नावाने गेले ते. हीच तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. मात्र बँक लगेच पैसे परत करेल ही आशा त्यांना देऊ नका. पिन त्यांनी स्वतः टाकली आहे, आणि अशा वेळी बँका सहसा हात वर करतात. त्या नंबरशी झालेली खाजगी चॅट रागाने पुसली असेल तर स्क्रीनशॉट कुणाकडे आहेत का बघा.

बाकीच्यांनाही एक काम आहे. पैसे न देता ज्यांना फक्त मागणी आली त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी या sancharsaathi.gov.in साइटवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे तिथे तो नंबर कळवावा. पैसे गेलेले नसताना संशयित मेसेज कळवायची तीच जागा आहे.

आणि सर खरंच अडचणीत असते तर, हे तुम्ही विचारलंत ते मला फार आवडलं. खरंच अडचणीत असलेला माणूस फोन उचलतो, बाई. निदान त्याच्या घरचं कुणीतरी उचलतं. तुम्ही केलेल्या दहा मिनिटांच्या उशिराने हॉस्पिटल दाखल करून घ्यायचं थांबत नाही, आणि त्यातूनही धीर नसेल तर मिरजेसारख्या गावात कुणीतरी स्कूटर काढून सरांच्या दारात जाऊन उभं राहू शकतं. तसं कुणी गेलं असतं तर सर बनियनवर दार उघडून म्हणाले असते, ‘बरं झालं आलात, माझं ते व्हॉट्सॲप सकाळपासून बंद पडलंय, जरा बघता का?’

त्यांना ग्रुपमध्ये परत घेताना मात्र ‘मी परत आलो’ या मेसेजवर घेऊ नका. तुम्ही साधा फोन करा, आवाज ऐका, ‘Linked devices’ची यादी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि ती रिकामी किंवा ओळखीची निघाली की फोन चालू असतानाच त्यांना ॲड करा.